चौथा व्हॉल्व्ह उघडेना: शिडीजाल शेपटीकडून सोडवण्याचं एक प्रकरण

निफाड तालुक्यातली एक द्राक्षबाग. चार प्लॉट, आणि प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी ठिबकच्या लाइनवर एकेक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या कॉइलमधून वीज गेली की उघडणारा. पंपघरात २४ व्होल्ट डीसी पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस. तिथून दोन तारांची एकच केबल बांधाच्या कडेने गेलेली. पहिला व्हॉल्व्ह शंभर मीटरवर, दुसरा त्याच्यापुढे शंभर मीटरवर, असं करत चौथा चारशे मीटरवर. चारही कॉइल या एकाच जोडीवर समांतर टांगलेल्या, आणि प्रत्येकीची मायनस तार कंट्रोलरकडे न जाता जागेवरच्या छोट्या स्विचमधून जाते. ही मांडणी गावाकडे बऱ्याच ठिकाणी दिसते, कारण केबल कमी लागते.

पंप लहान होता तोवर प्लॉट पाळीपाळीने भिजायचे. मोठी मोटार बसवल्यावर चारही प्लॉट एकदम सुरू करायचं ठरलं, आणि तेव्हापासून चौथा व्हॉल्व्ह उघडेना. तिसरा कधी उघडायचा, कधी नुसताच गुरगुरायचा. इलेक्ट्रिशियनने चौथ्याची कॉइल बदलून पाहिली, काही फरक नाही. त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं: "सर, व्हॉल चांगलाय. बाकीचे बंद करून एकटा लावला की टक्कन वाजतो. चार लावले की मेल्यासारखा पडतो." एसएमपीएसवरही संशय होता, पण त्याच्या टर्मिनलवर चारही चालू असताना मीटर चोख २४.० दाखवत होता, आणि करंट ०.९५ अँपिअर होता. एसएमपीएस अडीच अँपिअरचा. म्हणजे तो दमलेला नव्हता.

या ०.९५ नेच खरं तर गोष्ट सांगून टाकली होती. प्रत्येक कॉइलवर २४ व्होल्ट, ८ वॅट छापलेलं होतं. ८ भागिले २४ म्हणजे ०.३३३ अँपिअर, चौघींचे मिळून १.३३. पुरवठा २४ वर ठाम असताना करंट जवळपास तीस टक्के कमी जातोय, याचा अर्थ वाटेत कोणीतरी व्होल्टेज खातंय. वाटेत केबलच आहे.

प्रश्न असा: चारही कॉइल चालू असताना चौथीतून नेमका किती करंट जातो? आणि तो पुरेसा व्हावा यासाठी काय बदलायचं?

आधी आकडे गोळा करू. कॉइल २४ व्होल्टला ०.३३३ अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध ७२ ओहम. केबल एक स्क्वेअर एमएमची, तांब्याची, लवचिक. अशा तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे १९.५ ओहम धरतात. शंभर मीटर अंतर म्हणजे जायची आणि यायची मिळून दोनशे मीटर तार, म्हणून ३.९ ओहम. तापमान २७ अंश धरलं तर तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला जवळजवळ ४ ओहम येतात. दोन्ही तारांचा रोध मी एकाच बाजूला धरला आहे. ओळीने जोडलेलेच असल्याने उत्तरात फरक पडत नाही आणि चित्र सोपं होतं.

आता हे कागदावर काढलं की शिडी दिसते. वरची दांडी म्हणजे ४ ओहमचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी खाली उतरणारी ७२ ओहमची पायरी, आणि डावीकडे २४ व्होल्टचा स्रोत. यालाच लॅडर नेटवर्क म्हणतात.

नेहमीच्या सवयीने आपण स्रोताकडून निघतो. पण तिथे पहिल्याच पावलाला अडतो, कारण स्रोतातून किती करंट निघतो हे माहीत नसतं. मग शेपटीकडून समांतर-एकसर बेरजा करत एकूण रोध काढायचा, त्यावरून स्रोताचा करंट, आणि मग पुन्हा प्रत्येक जोडावर करंट वाटत वाटत शेपटीपर्यंत यायचं. म्हणजे तोच रस्ता दोनदा चालायचा. किंवा चार मेशची चार समीकरणं मांडून सोडवायची. दोन्ही चालतं, पण शिडीची एक खासियत त्यात वापरलीच जात नाही: शेपटीच्या टोकाला एकच फांदी आहे, आणि तिथला करंट एकदा कळला की बाकी सगळं ओहम आणि किर्चहॉफच्या साध्या बेरजांनी उलगडत जातं.

कळलेला नाही, हे खरंच. म्हणून तो मानायचा. चौथ्या कॉइलमधून १ अँपिअर जातोय असं धरू. खरा नाही हे माहीत आहे. १ का, तर आकडेमोड सोपी जाते म्हणून. या पद्धतीचं एकक-आउटपुट हे नाव इथूनच आलं.

१ अँपिअर ७२ ओहममधून गेला तर चौथ्या जोडावर ७२ व्होल्ट. चौथ्या तुकड्यातून दुसरं कोणी करंट घेत नाही, म्हणून त्यातूनही १ अँपिअरच, आणि त्याचा ड्रॉप ४ व्होल्ट. म्हणून तिसऱ्या जोडावर:

७२ + १ × ४ = ७६ व्होल्ट

तिसऱ्या कॉइलवर ७६ व्होल्ट, म्हणजे तिच्यातून ७६ ÷ ७२ = १.०५५६ अँपिअर. तिसऱ्या तुकड्याला आता दोन्ही कॉइलचा करंट वाहायचा आहे: २.०५५६ अँपिअर. त्याचा ड्रॉप ८.२२२ व्होल्ट. दुसऱ्या जोडावर:

७६ + ८.२२२ = ८४.२२२ व्होल्ट

दुसरी कॉइल ८४.२२२ ÷ ७२ = १.१६९८ अँपिअर घेते. दुसऱ्या तुकड्यात २.०५५६ + १.१६९८ = ३.२२५३. ड्रॉप १२.९०१. पहिल्या जोडावर:

८४.२२२ + १२.९०१ = ९७.१२३ व्होल्ट

पहिली कॉइल १.३४८९ अँपिअर घेते. पहिल्या तुकड्यात एकूण ४.५७४२ अँपिअर, ड्रॉप १८.२९७ व्होल्ट. म्हणून स्रोताला लागतील:

९७.१२३ + १८.२९७ = ११५.४२ व्होल्ट

इथे विद्यार्थी हमखास बिचकतात. २४ व्होल्टची कॉइल, तिच्यावर ७२ व्होल्ट? जळणार नाही का? जळेल. पण आपण तिला ७२ व्होल्ट देत नाही आहोत. एवढंच म्हणतो आहोत की चौथीत १ अँपिअर हवा असेल तर स्रोत ११५.४२ व्होल्टचा लागेल. खरा स्रोत २४ चा आहे. जालात फक्त रोध आहेत, आणि रोधाचा नियम साध्या प्रमाणाचा: करंट दुप्पट तर व्होल्टेज दुप्पट. किर्चहॉफचे दोन्ही नियम नुसत्या बेरजा. म्हणून स्रोत जितक्या पट लहान, तितक्या पट जालातला प्रत्येक करंट आणि प्रत्येक व्होल्टेज लहान. यालाच रेषीयता म्हणतात. पटीचा आकडा:

२४ ÷ ११५.४२ = ०.२०७९

चौथ्या कॉइलमधला खरा करंट १ × ०.२०७९, म्हणजे २०८ मिलिअँपिअर. तिच्यावरचं व्होल्टेज ७२ × ०.२०७९ = १४.९७. तिसरीवर १५.८०, दुसरीवर १७.५१, पहिलीवर २०.२०. स्रोताचा करंट ४.५७४२ × ०.२०७९ = ०.९५१ अँपिअर.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. मीटरने ०.९५ दाखवला होता आणि तो आपण हिशेबात कुठेच वापरलेला नाही. तो आपोआप जुळला याचा अर्थ केबलचा रोध, कॉइलचा रोध आणि चित्र तिन्ही ठीक आहेत. कुठे सैल जोड किंवा गंजलेला कनेक्टर असता तर हा आकडा जुळला नसता. मग शेवटच्या व्हॉल्व्हच्या टर्मिनलवर मीटर लावला तर १५.० दिसलं. कागदावर ११५.४२ ÷ ४.५७४२ = २५.२३ ओहम हा शिडीचा एकूण रोधही फुकटात मिळतो. शेपटीकडून समांतर-एकसर बेरजा केल्या तरी तेवढाच येतो, म्हणून पडताळणीला बरा.

हिशेबाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेपटीकडून डोक्याकडे येताना प्रत्येक पायरीला बेरीज आहे, वजाबाकी एकही नाही. त्यामुळे तिसऱ्या दशांशातली चूक तेवढीच लहान राहते. उलट, स्रोताचा करंट अंदाजाने धरून पुढे चालू लागलं तर प्रत्येक टप्प्यावर वजाबाकी होते, आणि अंदाजातली बारीकशी तफावत शेपटीपर्यंत पोचता पोचता बरीच फुगते. शिडी लांब असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

आता व्हॉल्व्ह का उघडत नाही ते पाहू. डीसी सोलेनॉइडची ओढ, गाभा संपृक्त झालेला नसेल तोवर, साधारण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २०८ भागिले ३३३ म्हणजे ०.६२४. त्याचा वर्ग ०.३९. चौथ्या कॉइलला जेमतेम चाळीस टक्के ओढ मिळते आहे. तिने स्प्रिंग आणि पाण्याचा दाब यांच्या विरुद्ध प्लंजर उचलावा अशी अपेक्षा करणंच चूक. एकटी चालू केली तर? मग वाटेतल्या तिन्ही पायऱ्या नाहीशा होतात आणि उरतात ४ × ४ = १६ ओहम केबल आणि ७२ ओहम कॉइल. २४ × ७२ ÷ ८८ = १९.६४ व्होल्ट, ०.२७३ अँपिअर, आणि ओढ ६७ टक्के. तेवढ्यात टक्कन वाजतो. इलेक्ट्रिशियनने जे पाहिलं होतं ते शंभर टक्के खरं होतं.

शेतकऱ्याचा पहिला उपाय सरळ होता. "एसएमपीएसला बाजूला स्क्रू असतो ना? वाढवून टाका." या एसएमपीएसवर तो स्क्रू २४ ते २८ पर्यंत जातो. किती वाढवावं लागेल हे विचारायला वरचीच बेरीज पुरे आहे, नव्याने काही सोडवायला नको. कॉइलवर व्होल्टेजची सूट अधिक-उणे दहा टक्के छापली होती, म्हणजे २१.६ ते २६.४. चौथीला निदान २१.६ व्होल्ट हवेत, म्हणजे ०.३ अँपिअर. १ अँपिअरला ११५.४२ लागतात, तर ०.३ ला:

११५.४२ × ०.३ = ३४.६ व्होल्ट

स्क्रू तिथवर जातच नाही. पण समजा ३६ व्होल्टचा दुसरा एसएमपीएस आणला आणि तो ३४.६ वर बसवला. तेव्हा पहिलीवर ९७.१२३ × ०.३ = २९.१ व्होल्ट. तिची मर्यादा २६.४ आहे. रोज दोन-दोन तास ती अशी चालली तर जळालेल्या वार्निशचा वास येऊ शकतो.

एकक-आउटपुटचा खरा फायदा इथे दिसतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत तो सहसा सांगितला जात नाही. मानलेल्या आकड्यांची यादी, म्हणजे ७२, ७६, ८४.२२, ९७.१२, ही स्रोतावर अवलंबून नाही. पहिली आणि चौथी यांच्या व्होल्टेजचं गुणोत्तर ९७.१२ ÷ ७२ = १.३५. स्रोत २४ असो, ३० असो, शंभर असो, १.३५ च राहणार. आणि कॉइलची सूट किती? २६.४ ÷ २१.६ = १.२२. म्हणजे या केबलवर चारही कॉइलना एकाच वेळी सुटीत बसवणारं व्होल्टेज अस्तित्वातच नाही. स्क्रू कितीही फिरवला तरी एक टोक उपाशी राहील किंवा दुसरं जळेल. हा निकाल २४ चा आकडा हिशेबात येण्याआधीच लागलेला आहे.

मग गुणोत्तर बदलायचं तर केबल बदलायची. अडीच स्क्वेअर एमएमची लवचिक तार २० अंशाला किलोमीटरमागे ७.९८ ओहम, वरच्यासारखंच २७ अंशाला शंभर मीटरच्या टप्प्यामागे १.६४ ओहम येतात. पुन्हा १ अँपिअर मानून तोच रस्ता:

चौथा जोड: ७२
तिसरा: ७२ + १ × १.६४ = ७३.६४, करंट आता २.०२२८
दुसरा: ७३.६४ + २.०२२८ × १.६४ = ७६.९६, करंट ३.०९१६
पहिला: ७६.९६ + ३.०९१६ × १.६४ = ८२.०३, करंट ४.२३०९
स्रोत: ८२.०३ + ४.२३०९ × १.६४ = ८८.९७ व्होल्ट

गुणोत्तर ८२.०३ ÷ ७२ = १.१४. सुटीच्या आत. पण फक्त केबल बदलून २४ वर सोडलं तर चौथीवर ७२ × २४ ÷ ८८.९७ = १९.४ व्होल्ट, अजूनही कमी. म्हणून केबलही हवी आणि स्क्रूही. ०.३ अँपिअरसाठी ८८.९७ × ०.३ = २६.७ व्होल्ट लागतात, थोडा हात राखून २६.८ धरू. पट होते ०.३०१२, चौथीवर २१.७, तिसरीवर २२.२, दुसरीवर २३.२, पहिलीवर २४.७. चारही बसतात.

इथे थांबलं तर मात्र घात होतो. हा हिशेब चारही चालू असतानाचा. रेषीयतेने स्रोत बदलता येतो, जाल बदलता येत नाही. एक व्हॉल्व्ह बंद केला की त्याची पायरी शिडीतून निघून जाते आणि यादी नव्याने काढावी लागते. सगळ्यात वाईट स्थिती पहिलीची, कारण ती एकटी चालू असेल तेव्हा फक्त एक टप्पा वाटेत आहे: २६.८ × ७२ ÷ ७३.६४ = २६.२ व्होल्ट. २६.४ च्या आत, पण काठावर. स्क्रू २७ वर नेला असता तर २६.४ ला टेकलं असतं. म्हणून २६.८ पेक्षा वर जायचं नाही, आणि २६.७ पेक्षा खाली यायचं नाही. स्क्रूचा खेळ एवढाच. एसएमपीएसवर मार्करने आकडा लिहून ठेवणं बरं, कारण हा स्क्रू कोणीही येता-जाता फिरवतो.

दुसरी काळजी कॉइलच्या तापमानाची. ७२ ओहम हा थंड कॉइलचा रोध. तासभर चालू राहिलेल्या कॉइलचं तांबं साठेक अंशांनी तापलं, तर रोध साधारण ८९ ओहम होतो. जुन्या केबलवर हे धरून पुन्हा १ अँपिअरने सुरुवात केली तर जोडांवर ८९, ९३, १०१.१८, ११३.९१ आणि स्रोताला १३१.७५ व्होल्ट येतात. पट ०.१८२२. चौथीवर ८९ × ०.१८२२ = १६.२ व्होल्ट, आणि करंट १८२ मिलिअँपिअर.

इथे मीटर फसवतो. थंड असताना १५.० होते, गरम झाल्यावर १६.२ झाले, बघणाऱ्याला वाटतं परिस्थिती सुधारली. व्होल्टेज वाढलं कारण गरम कॉइल कमी करंट घेतात आणि केबलमधला ड्रॉप घटतो. पण ओढ करंटवर चालते, आणि तो २०८ वरून १८२ वर आला. ओढ ३९ टक्क्यांवरून ३० वर. तिसरा व्हॉल्व्ह सकाळी उघडायचा आणि दुपारी नुसता गुरगुरायचा याचं कारण हेच. म्हणून अशा तक्रारीत व्होल्ट मोजण्यापेक्षा डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने किंवा ओळीत मीटर घालून कॉइलचा करंट मोजलेला बरा.

रोध तापमानाने बदलतो म्हणजे रेषीयता गेली का? नाही. ठराविक तापमानाला कॉइल सरळ प्रमाणातच वागते. फक्त प्रत्येक तापमानासाठी शिडी वेगळी मांडायची. रेषीयता खरोखर जाते ती दुसऱ्या ठिकाणी, आणि तसं एक ठिकाण या शेतातच होतं. चौथ्या व्हॉल्व्हजवळ कोणीतरी उलट जोडणीपासून वाचवायला ओळीत एक डायोड बसवला होता. तो आधीच काढून टाकला, म्हणून वरचे आकडे शुद्ध रोधांचे आहेत. पण तो असताना काय झालं असतं ते पाहण्यासारखं आहे.

सिलिकॉन डायोडवर करंट कमी असो वा जास्त, साधारण ०.७ व्होल्ट पडतात. १ अँपिअर मानला तर जुन्या केबलवर चौथ्या जोडाला ७२ नाही, ७२.७. तिथून पुढे तीच चाल: ७६.७, ८४.९६, ९७.९४ आणि स्रोताला ११६.३६ व्होल्ट. आता सवयीने २४ ÷ ११६.३६ = ०.२०६ म्हणून मोकळं झालं, तर ते चूक. कारण स्रोत पाचपट लहान केला की कॉइलचे ७२ पाचपट लहान होतात, डायोडचे ०.७ होत नाहीत. ते तसेच राहतात आणि लहान आकड्यात जास्त टोचतात.

त्यातून वाट अशी. करंट आणि लागणारा स्रोत यांचं नातं अजूनही सरळ रेषेचंच आहे, फक्त ती रेषा शून्यातून जात नाही. म्हणून दोन वेळा चालायचं. एकदा १ अँपिअर मानून: ११६.३६. एकदा ० अँपिअर मानून, म्हणजे चौथ्या जोडावर नुसते ०.७ व्होल्ट: तिथून शेपटीकडून येत स्रोताला ०.९४ व्होल्ट लागतात. म्हणजे एका अँपिअरमागे ११६.३६ − ०.९४ = ११५.४२ व्होल्ट, जो आपला जुनाच आकडा. मग खरा करंट:

(२४ − ०.९४) ÷ ११५.४२ = ०.१९९८ अँपिअर

०.२०६ आणि ०.२०० मधला फरक तीन टक्क्यांचा. इथे त्याने काही बिघडत नाही, पण १२ व्होल्टच्या जुळणीत किंवा जालात दुसरी बॅटरी कुठे मध्ये लावलेली असेल तर नुसत्या पटीने काढलेलं उत्तर भलतंच येईल. शंका आली तर शेतातच तपासता येतं: स्क्रू २४ वरून २६ वर न्यायचा आणि प्रत्येक व्हॉल्व्हवरचं व्होल्टेज पुन्हा मोजायचं. सगळी वाचनं २६ ÷ २४ = १.०८३ पटच वाढली, तर जाल रेषीय. एखादं वेगळ्या पटीने वाढलं, तर तिथे रोधाखेरीज काहीतरी लपलंय. कॉइलला समांतर उलटा लावलेला फ्लायबॅक डायोड मात्र यात मोडत नाही. चालू असताना तो उलट्या दिशेने बंद असतो, हिशेबात येतच नाही.

आजकाल मिळणाऱ्या वीज वाचवणाऱ्या कॉइलचं प्रकरण वेगळं. त्यांच्या आत छोटं सर्किट असतं. ते उचलताना भरपूर करंट देतं आणि नंतर थोडक्यावर धरून ठेवतं. व्होल्टेज कमी झालं की असली काही सर्किटं जास्त करंट घेतात. तिथे १ अँपिअर मानून ११५ व्होल्टपर्यंत चढणं निरर्थक आहे. फार तर खऱ्याच्या जवळपासचा करंट मानून, आलेला स्रोत २४ च्या किती जवळ आहे ते पाहत अंदाज सुधारत जायचं.

केबल बदलल्यावर व्हॉल्व्ह चारही उघडले, आणि मग अपेक्षेप्रमाणे पाचव्याची मागणी आली. दुसऱ्या व्हॉल्व्हपासून आडवा शंभर मीटरवर एक नवा तुकडा, तिथे तसलाच व्हॉल्व्ह. उरलेली जुनी एक स्क्वेअर एमएमची केबल तिथे वापरायची होती. आता शिडीला फांदी फुटली. शेपट्या दोन झाल्या. एकक कुठे मानायचा?

दोन्हीकडे, पण वेगवेगळा. मुख्य शेपटीकडून आधीसारखंच येऊन दुसऱ्या जोडाला पोचलं की तिथे ७६.९६ व्होल्ट आहेत. फांदीचा हिशेब स्वतंत्र: पाचव्या कॉइलमध्ये १ अँपिअर मानला तर जोडावर ७२ + ४ = ७६ व्होल्ट लागतात. जोड मात्र एकच, त्याला दोन व्होल्टेज असू शकत नाहीत. म्हणून फांदीला तिच्यापुरती पट लावायची: ७६.९६ ÷ ७६ = १.०१२६. म्हणजे मुख्य शेपटीत १ अँपिअर असताना फांदीत १.०१२६ अँपिअर. हा दुसऱ्या तुकड्याच्या ३.०९१६ मध्ये मिळवला की ४.१०४२, आणि पुढची वाट ठरलेलीच: पहिल्या जोडावर ७६.९६ + ६.७३ = ८३.६९ व्होल्ट, पहिल्या तुकड्यात ५.२६६६ अँपिअर, स्रोताला ९२.३३ व्होल्ट.

२६.८ वर चौथीला मिळतात ७२ × २६.८ ÷ ९२.३३ = २०.९ व्होल्ट. कमी. २१.६ साठी स्रोत ९२.३३ × ०.३ = २७.७ वर न्यावा लागेल, आणि मग पहिली एकटी चालू असताना तिच्यावर २७.१ येतील. जास्त. पाचही एकदम चालवायला या केबलवर जागा नाही. शेतकऱ्याला तेवढंच सांगितलं: पाचवा लावा, पण चौथ्याबरोबर सोडू नका. त्याने दोघांना एकाच दोन-बाजूंच्या टायमरवर टाकलं, चौथ्याचा प्लॉट भिजून झाला की पाचव्याचा.